बारा दिवस बाहेरगावी जायचंय, लघवीचा त्रास असलेला बोका: बोर्डिंग की घरी येऊन बघणारी?

रमणमळेकरीण

नमस्कार. १ ऑगस्टला आम्ही दोघं कोल्हापूरहून नागपूरला निघतोय. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, बारा दिवस तरी परत येता येणार नाही आणि तारीख पुढं ढकलणं आमच्या हातात नाही.

घरी दोन मांजरं आहेत. बंड्या सहा वर्षांचा, नसबंदी झालेला बोका, वजन साडेसहा किलो. चिमी तीन वर्षांची, तिचीही नसबंदी झालीय. गेल्या थंडीत बंड्याची लघवी अडकली होती. नळी घालून दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं, म्हणून जीव जास्तच टांगणीला लागलाय. दोघांची ट्रायकॅट आणि रेबीजची लस मार्चमध्ये झाली आहे.

समोर दोन पर्याय आहेत. एक, शिरोलीच्या पुढं एक बोर्डिंग आहे, मांजरांसाठी वेगळी खोली आहे म्हणतात. दुसरा, वडणग्याची एक कॉलेजची मुलगी रोज सकाळी एकदा येऊन खाणं-पाणी आणि ट्रे बघून जाईन म्हणतेय. मुलगी चांगली आहे, मांजरांची आवड आहे. निवडताना नेमकं काय तपासायचं? अनुभव असलेल्यांनी सांगा.

पंचगंगाकाठ

कुत्रं माणसाला धरून राहतं, मांजर घराला धरून राहतं. आमच्याकडं चाळीस वर्षं मांजरं आहेत, एकाला कधी बाहेर ठेवलं नाही. घरीच ठेवा. दोन मोठ्या वाडग्यांत कोरडं खाणं भरून ठेवलं तर पोरगी एक दिवसाआड आली तरी चालतं. मांजर आपलं आपण खातं, उगा काळजी करू नका.

तांबडा_पांढरा

ताई, आमच्या लॅब्रॅडॉरला गेल्या दिवाळीत तिथंच शिरोलीकडं ठेवलं होतं. लई भारी सोय हाय, मोठं मैदान, पोरं खेळवत्यात. परत आणला तर गडी घरात यायला तयार नव्हता. बिनधास्त ठेवा.

रमणमळेकरीण

दादा, धन्यवाद, पण माझी मांजरं आहेत. मैदान असून उपयोग नाही. मांजरांची खोली कुत्र्यांपासून किती लांब आहे, ते आठवतंय का?

तांबडा_पांढरा

मांजराची खोली काय बघितली न्हाई ओ. पण भुंकणं मात्र दिवसभर चालू असतंय, ते खरं हाय. गेटातनं आत गेलं की सगळी एकदम सुरू.

दवाखान्यातली

मी एका पशुवैद्यकाच्या दवाखान्यात नऊ वर्षं मदतनीस आहे. काकांची अर्धी गोष्ट पटते. मांजराचा जीव जागेत असतो, हे बरोबर. पण एक दिवसाआड बंड्यासाठी अजिबात चालणार नाही, का ते सांगते.

बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. एकदा अडकलेल्या बोक्याला पुन्हा अडकू शकतं, आणि त्याला निमित्त बऱ्याचदा ताणाचं असतं: जागा बदलली, घरची माणसं गेली, खाणं बदललं. पूर्ण अडकल्यावर रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि दीड-दोन दिवसांत जिवावर बेततं. म्हणजे आज सकाळी मुलगी येऊन गेली, दुपारी लघवी अडकली आणि ती परवा सकाळी आली, तर तिला बरेचदा निपचित पडलेलं मांजरच सापडेल. रोज एकदा आली तरी वेळ कमीच पडतो.

म्हणून बोर्डिंग की घर हा प्रश्न मी दुसरा ठेवते. पहिला प्रश्न असा: बंड्यानं खाल्लं नाही किंवा लघवी केली नाही, तर ते कोणाच्या, किती तासांत लक्षात येईल? आणि लक्षात आल्यावर त्याला गाडीत घालून दवाखान्यात कोण नेईल? दोन्ही ठिकाणी हे विचारा. ज्याच्याकडं नेमकं उत्तर असेल तिथं ठेवा.

रमणमळेकरीण

ताई, हे कुणीच असं सांगितलं नव्हतं. पण लघवी केली की नाही, हे तिला कळणार कसं? आमच्याकडं ट्रेमध्ये नदीची वाळू असते. आणि दोघं एकाच वाडग्यात खातात.

दवाखान्यातली

या दोन्ही गोष्टी निघायच्या आधी बदलाव्या लागतील, आणि त्याला हाताशी दिवस हवेत.

वाळूत लघवी खाली झिरपते, वरून काहीच दिसत नाही. बेंटोनाइटच्या लिटरमध्ये तिचा घट्ट गोळा होतो आणि गोळे मोजता येतात. ठीक असलेल्या मांजराचे दिवसाला दोन ते चार गोळे येतात, लिंबाएवढे किंवा त्याहून मोठे. गोळे एकदम बोराएवढे आणि संख्येनं जास्त दिसायला लागले तर समजायचं, थेंब थेंब होतंय. तो पहिला इशारा. पण जुना ट्रे आजच उचलू नका. वाळूच्या शेजारी नवा ट्रे ठेवा, दोघं त्यात जायला लागली की मग वाळू काढा. निघायच्या दिवशीच बदललंत तर बंड्या ट्रे सोडून कोपरा गाठेल, आणि मग काहीच मोजता येणार नाही.

खाण्याचं तसंच आहे. रिकामा वाडगा बघून मुलगी तुम्हाला कळवणार "खाल्लं", पण सगळं चिमीनं फस्त केलेलं असू शकतं. दोघांना वेगळ्या खोल्यांत, दार लावून खायला द्यायचं आणि वीस मिनिटांनी वाडगे उचलायचे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर देताना मोजायचं, उरलेलं पुन्हा मोजायचं. बंड्या जाड आहे, त्यामुळे त्याच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि मग मूळ कारण गेलं तरी ते आपणहून जेवत नाही. नळीनं भरवावं लागतं.

उपनगरी

मी दोन्ही करून बघितलंय. बोर्डिंग सरसकट वाईट नसतं. आमची मोठी मांजरी धीट आहे, अनोळखी माणसाच्याही मांडीत जाऊन बसते. तिला बोर्डिंगमध्ये पहिल्या संध्याकाळीच भूक लागली होती. धाकटी मात्र खोक्यातून बाहेरच आली नाही आणि तिथल्या माणसांनी ते आम्हाला तिसऱ्या दिवशी, आम्ही फोन केल्यावर सांगितलं. तेव्हापासून धाकटीसाठी घरीच कुणीतरी येतं.

जागा बघायला जाताना फोन करून वेळ घेऊ नका, संध्याकाळी खाण्याच्या वेळेला जा. आत येऊ देत नसतील तर तिथूनच परत या. मी काय बघते: शेजारच्या दोन पिंजऱ्यांमधली भिंत भरीव आहे की नुसती जाळी? जाळी असेल तर एकाची शिंक दुसऱ्याच्या वाडग्यात. आत लपायला खोका आणि चढून बसायला उंच फळी आहे का? ट्रे आणि वाडगा एकमेकांना चिकटून तर नाहीत ना? खोलीला दोन दारं आहेत का, म्हणजे एक उघडताना दुसरं बंद राहील? एकच दार असेल तर एखादं मांजर कधी ना कधी निसटणारच, आणि अनोळखी भागात निसटलेलं मांजर हाकेला येत नाही.

आणि एक प्रश्न मी नेहमी विचारते: "मागच्या वेळी कुठलं मांजर जेवलं नाही? तेव्हा तुम्ही काय केलंत?" जे खरंच बघतात त्यांना लगेच आठवतं. "आमच्याकडं सगळी जेवतात" असं जे म्हणतात, त्यांचं लक्ष नसतं.

चार_मांजरांची_आई

मी स्वतः घरी मांजरं ठेवून घेते, त्यामुळे माझं बोलणं थोडं त्या बाजूनं झुकेल, हे आधीच सांगते. वर कुणी फरशीचा विषय काढला नाही. फरशी कशानं पुसतात ते विचारा. फिनाईल म्हणाले तर मांजर ठेवू नका. काळं असो, पांढरं असो, पाण्यात घातल्यावर दुधासारखं होणारं ते. मांजराच्या यकृताला काळ्यातलं फिनॉल किंवा पांढऱ्यातलं पाइन तेल नीट पचवता येत नाही, आणि ओल्या फरशीवरून चाललेले पाय मांजर चाटतंच. वर त्यानं पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू मरतही नाही. तो विषाणू फरशीच्या भेगेत वर्षभर टिकू शकतो. त्याला ब्लीचच लागतं: आधी घाण धुऊन काढायची, मग एका भागाला बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ठेवायचं, मग साध्या पाण्यानं धुवायचं आणि वाळल्यावरच मांजर आत सोडायचं.

लसीचं कार्ड न मागता जो मांजर घेतो, त्यानं शेजारच्या पिंजऱ्यातल्याचंही मागितलेलं नसतं.

पंचगंगाकाठ

आमच्या घरी रोज फिनाईलनंच पुसतात, आमच्या मांजरांना काही झालं नाही.

चार_मांजरांची_आई

काका, तुमची मांजरं दिवसभर बाहेर असतात, फरशी वाळेपर्यंत घरात येतही नसतील. चार बाय तीनच्या पिंजऱ्यात बारा दिवस कोंडलेल्याला तसं करता येत नाही.

दवाखान्यातली

फिनाईलबद्दल शंभर टक्के सहमत. लसीबद्दल एक पुरवणी. लस झालेलं मांजरही बोर्डिंगहून आल्यावर शिंकू शकतं. लहानपणी हर्पीसची सर्दी झालेल्या मांजरात तो विषाणू कायम दडून असतो, आणि ताण आल्यावर साधारण आठवड्यानं पुन्हा बाहेर पडतो. दर सुट्टीनंतर आमच्याकडं "तिथनं सर्दी घेऊन आलं" म्हणत लोक येतात. काही वेळा ते खरं असतं, काही वेळा सर्दी त्याच्या अंगातलीच असते. बंड्या-चिमी लहानपणी रस्त्यावरून आणली असतील तर हे डोक्यात ठेवा.

आयटी_पुणे

एक वायफाय कॅमेरा बसवा ना घरात. दीड-दोन हजारांत येतो, मोबाइलवर चोवीस तास दिसतं. ट्रेसमोर लावला की प्रश्न मिटला, माणूस दिवसातून एकदा आला तरी पुरे.

दवाखान्यातली

कॅमेरा जरूर लावा, ट्रेसमोरच लावा. बोका सारखा ट्रेमध्ये जातोय, बसतोय, काही न करता उठतोय, ओरडतोय, मागचा भाग चाटतोय, हे त्यात दिसतं. लोक त्याला बद्धकोष्ठ समजून तूप चाटवत बसतात आणि वेळ जातो. पण कॅमेरा बोक्याला पिशवीत घालून दवाखान्यात नेत नाही. नागपूरला बसून तुम्हाला दिसलं, तर पुढच्या तासाभरात कोल्हापुरात दार उघडणारं कुणीतरी हवं.

उपनगरी

आणि पावसात लाइट गेली की वायफायही गेलं. ऑगस्ट आहे. यावर कुणीच कसं बोलत नाही? रमणमळा म्हणजे पाणी येणारा भाग. मुलगी वडणग्याची. पंचगंगेचं पाणी चढून रेडेडोह फुटला की आंबेवाडीजवळ रस्त्यावर पाणी, शिवाजी पुलापलीकडचं माणूस गावात येऊ शकत नाही. शिरोलीच्या बोर्डिंगचं तेच. २०१९ ला हायवे किती दिवस बंद होता ते आठवा, २०२१ ला पुन्हा बंद. मांजर पलीकडं, दवाखाना अलीकडं.

रमणमळेकरीण

अंगावर काटा आला वाचून. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत, घरात पाणी येत नाही. पण २०१९ ला पार्किंगमध्ये पाणी होतं, बोटीनं बाहेर पडलो. दोन्ही पर्याय घेताना मी हा विचारच केला नव्हता. मग करायचं काय?

तांबडा_पांढरा

ताई, संगं घेऊन जावा की नागपूरला. महाराष्ट्र एक्सप्रेसनं थेट जातंय.

उपनगरी

दादा, एक अख्खा दिवस आणि रात्र गाडीत, वर दवाखान्यात आजारी माणूस, अनोळखी घर. लघवीचा त्रास असलेल्या बोक्याला याहून जास्त ताण कशाचा द्यायचा?

दवाखान्यातली

तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं.

वडणग्याच्या मुलीला रोज यायला सांगण्यापेक्षा बारा दिवस तुमच्या घरीच राहायला सांगा. पैसे जास्त द्या. कॉलेज गावातच असेल तर तिलाही सोयीचं पडेल. मग बंड्याची जागा तीच राहते आणि सकाळ, संध्याकाळ, रात्र अशी तीनदा नजर राहते. ३१ तारखेला प्रथमच तिला किल्ली देऊ नका. त्याआधी दोन-तीनदा तुमच्यासमोर तिला खायला देऊ दे, ट्रे काढू दे. आणि एकदा बंड्याला पिशवीत घालून दाखवायला सांगा. ते तिला जमलं नाही तर बाकी सगळं जमून उपयोग नाही. पिशवी आजपासूनच हॉलमध्ये उघडी ठेवा, आत त्याचं पांघरूण घाला.

फ्रिजवर कागद लावा आणि त्यावर सोप्या शब्दांत लिहा. बंड्या ट्रेमध्ये जाऊन जोर करतोय आणि गोळा नाही, तर ताईंना फोन नंतर, आधी रिक्षा. रात्र असली तरी. बंड्या गप्प लपून बसलाय, जोर करत नाही, पण रात्रभरात आणि सकाळीही गोळा नाही, तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन. रोजच्यापेक्षा निम्म्याहून कमी खाल्लं तर त्याच दिवशी तुम्हाला कळवायचं, पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर दवाखाना.

तुमच्या डॉक्टरांकडं आधी जाऊन तीन गोष्टी ठरवा. मुलगी मांजर घेऊन आली तर उपचार करायची तुमची लेखी परवानगी. किती खर्चापर्यंत विचारायची गरज नाही, तो आकडा. आणि ते रात्री उपलब्ध नसतील तर कुणाकडं जायचं, ते नाव. हे तिसरं लोक विसरतात. सरकारी दवाखान्याच्या वेळा ठरलेल्या असतात आणि शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय अडकलेल्या बोक्यासाठी मध्यरात्री गाठण्याइतकं जवळ नाही.

चार_मांजरांची_आई

मी एवढं म्हणेन की राहायला येणारं माणूस विश्वासाचं मिळालं तर हे उत्तम, पण तसं माणूस सहज मिळत नाही. मिळालं नाही तर गावातल्याच उंच भागातल्या एखाद्या घरगुती ठिकाणी, जिथं तीन-चारच मांजरं आहेत, तिथं ठेवणं वडणग्याहून रोज एकदा येण्यापेक्षा बरं. जागा नवी असली तरी माणूस घरात असतं. आधी एक रात्र ठेवून बघा. त्या रात्रीनंतर सकाळपर्यंत त्यानं थोडं तरी खाल्लं आणि एक गोळा झाला तर बारा दिवस निभावेल असं वाटतं.

दवाखान्यातली

लघवीचा इतिहास असलेल्या बोक्यावर एका रात्रीचा निकाल मी धरणार नाही. पहिल्या रात्री ठीक असलेले तिसऱ्या-चौथ्या दिवशी अडकलेले बघितलेत. यावर आपलं एकमत होणार नाही, चालेल.

रमणमळेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दिवसभर फोन करत होते, जे ठरलं ते लिहिते.

मुलीच्या आईशी बोलले. मुलगी ३१ जुलैपासून आमच्याकडं राहायला येईल, सोबत तिची मावशी असेल. शिरोलीच्या बोर्डिंगलाही जाऊन आले. खोली स्वच्छ होती, पण पिंजऱ्यांमध्ये नुसती जाळी, आणि भिंतीपलीकडंच कुत्री. "रात्री कोण असतं?" विचारलं तर "गेटवर वॉचमन असतो" म्हणाले. मांजरांकडं रात्री आठ ते सकाळी आठ कुणी बघत नाही. बंड्यासाठी ते बंदच केलं.

पुराचं असं ठरवलंय: राजाराम बंधाऱ्यावर पातळी ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर गेली की वाट बघायची नाही, दोन्ही मांजरं आणि मुलगी माझ्या बहिणीकडं राजारामपुरीत. ४३ ला धोका पातळी, तोवर थांबलं तर आमच्या गल्लीतून बाहेर पडता येईलच असं नाही. बहिणीकडं मागची खोली रिकामी करून घेतली. तिथं आत्ताच एक ट्रे, पाणी आणि बंड्याची जुनी चादर ठेवून आले. खाणं आणि लिटर तिथंही आठवड्याचं ठेवणार, कारण गेल्या पुरात नळाला पाणी नव्हतं आणि दुकानंही बंद होती.

नवा ट्रे परवापासून ठेवलाय. चिमी लगेच गेली. बंड्या नुसता वास घेऊन वाळूतच जातो. अजून काही करता येईल का? आणि बहिणीकडं न्यायची वेळ आली तर दोघांना एकाच पिशवीत घालू की वेगळ्या?

दवाखान्यातली

वेगळ्या पिशव्यांत, घरी एकमेकांना चिकटून झोपत असली तरी. घाबरलेली दोन मांजरं बंद जागेत एकमेकांवर तुटून पडतात आणि नंतर कित्येक दिवस एकमेकांना ओळख देत नाहीत.

ट्रेसाठी त्याच्या वाळूतली मूठभर ओली वाळू नव्या लिटरवर पसरा, वास ओळखीचा होईल. लिटर सुगंधी घेतलं असेल तर बदला, साधं घ्या. आणि वाळूचा ट्रे रोज थोडा थोडा रिकामा करत न्या. आठवडाभरात गेला नाही तर मला इथंच सांगा. मग वाळूच राहू दे, तिच्याखाली पांढरा कागद घालून ओल बघायची पद्धत आहे, ती मुलीला दाखवू. गोळ्यांइतकी पक्की नाही ती, पण काहीच न दिसण्यापेक्षा बरी.

पंचगंगाकाठ

ताई, माझं घर राजारामपुरीतच आहे, आठव्या गल्लीत. तुमच्या मुलीला रात्री गाडी लागली तर माझा नंबर देऊन ठेवा, व्यनि करतो. माझी व्हॅन आहे, दोन पिशव्या आरामात बसतील. आमचं फिनाईलही सुनेनं आज बाहेर ठेवलंय.